सांगली–जत फेरी: गाडी भरण्याचा आणि भाडं वाटण्याचा हिशोब

प्रश्न: सांगलीत आमची एफएमसीजीची एजन्सी आहे. ERPNext मध्ये डिलिव्हरीचा भाग नुकताच चालू केलाय. वजनाप्रमाणे गाडीत अजून जागा दाखवतं, पण प्रत्यक्षात माल मावत नाही. आणि एका फेरीचं भाडं तीन-चार पार्ट्यांवर कसं टाकायचं?

उत्तर:

दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. तुमच्या सिस्टमला मालाचं वजन माहीत आहे, तो जागा किती खातो हे माहीत नाही. `Item` मध्ये `Weight Per Unit` आहे, पण घनफळाचा रकाना नाही. तो `Customize Form` मधून स्वतः घालावा लागतो. आमच्याकडे घनफूट ठेवतात, कारण गाडीचा हौदा सगळे फुटातच मोजतात.

माप घेणं सोपं आहे. खोक्याची लांबी, रुंदी, उंची इंचात मोजा, गुणाकार करा आणि १७२८ ने भागा. १८ × १६ × १२ इंचाचं वेफर्सचं खोकं बरोबर २ घनफूट येतं. सगळा माल मोजत बसू नका. वेफर्स, डायपर, पेपर नॅपकिन, बिस्किटांची मोठी खोकी, म्हणजे जागा खाणारा माल आधी मोजा. बाकीच्याला गटानुसार सरासरी चालते.

वजनाच्या रकान्यात दोन चुका कायम सापडतात. पहिली एककाची. हे वजन `Stock UOM` च्या एका नगाचं असतं. स्टॉक नगात ठेवलाय आणि कोणी २४ नगांच्या पेटीचं १२ किलो वजन तिथे भरलं, की एकच पेटी २८८ किलोची होते. रोजच्या डिलिव्हरी नोटांत सगळ्यात जड दिसणाऱ्या ओळी पाहिल्या की हे लगेच कळतं. दुसरी चूक निव्वळ वजनाची. तेलाच्या डब्यावर १५ किलो लिहिलेलं असतं, पण गाडी रिकामा डबाही वाहते. पॅकिंगसकट वजन भरा.

गाडीसाठीही दोन आकडे लागतात. आरसीवरच्या एकूण भारातून गाडीचं रिकामं वजन वजा करा, त्यातून ड्रायव्हर आणि हेल्परचं वजन काढा. एजंट सांगेल तो आकडा धरू नका. हौदा टेपने मोजा. समजा तुमच्या पिकअपचं असं उरलेलं वजन १५०० किलो आहे आणि हौदा ९ × ५.५ फूट, ताडपत्रीपर्यंत उंची ५ फूट. घनफळ साधारण २४७ येतं. पण खोकी सांध्याला सांधा लावून कधीच बसत नाहीत, म्हणून ८५ टक्के, म्हणजे २१० घनफूट धरा.

आता कवठे महांकाळ, नागज फाटा, जत अशी एक फेरी घ्या. कवठे महांकाळला तेलाचे ४० डबे: ६४० किलो, २७ घनफूट. नागजला वेफर्सची ३० खोकी: ७५ किलो, ६० घनफूट. जतला ५० खोकी वेफर्स आणि ३० पेट्या साबण: मिळून ४८५ किलो, ११५ घनफूट. बेरीज १२०० किलो आणि २०२ घनफूट. वजनाने गाडी ८० टक्के भरली, जागेने ९६ टक्के. तुमची सिस्टम फक्त ८० पाहते, म्हणून डिस्पॅचवाला वेफर्सची आणखी ३० खोकी चढवायला जातो. वजन ८५ टक्क्यांवरच राहतं, पण जागा २६२ घनफूट लागते. गाडी गोडाऊनसमोर अडते ती इथे. तेव्हा `Delivery Trip` वर दोन्ही बेरजा दिसू द्या आणि कुठलीही एक मर्यादा ओलांडली की सेव्ह होऊ देऊ नका.

चढवायचा क्रम उतरवायच्या उलटा: जतचा माल आत, कवठे महांकाळचा शेवटी दाराशी. पण इथे तेलाचे डबेच शेवटी चढतात, सगळं जड वजन मागच्या फळीवर येतं आणि पुढची चाकं हलकी पडतात. म्हणून डबे दाराच्या एका बाजूला पण जमेल तितके पुढे, खालच्या थरात लावा. त्यावर वेफर्स चालतात, वेफर्सवर डबे नाही. हे ईआरपी सांगणार नाही, हमालांना लोडिंग यादीवर लिहूनच द्यावं लागतं. `Optimize Route` ला आठवडी बाजाराची गर्दी किंवा दुकानाची दुपारची सुट्टीही कळत नाही. अशा थांब्याला `Lock` लावून क्रम हाताने ठरवा. आयर्विन पुलाशी कृष्णेने ४० फुटांची इशारा पातळी गाठली की सांगलीवाडीकडच्या फेऱ्यांचा पर्यायी रस्ताही आधी नोंदवलेला असावा, तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

भाड्याची वाटणीही याच दोन आकड्यांवर करा. प्रत्येक ऑर्डरने गाडीचं वजन किती टक्के खाल्लं आणि जागा किती टक्के, यातला मोठा आकडा तिचा वाटा.

```
share   = MAX(weight/1500, volume/210)
freight = 3600 * share / SUM(share)
```

फेरीचं भाडं ३६०० रुपये धरलं तर वाटे ४२.७, २८.६ आणि ५४.८ येतात आणि भाडं अंदाजे १२१९, ८१६ आणि १५६५ रुपये पडतं. नुसत्या वजनाने वाटलं असतं तर १९२०, २२५ आणि १४५५. नागजची पार्टी कागदावर फायद्याची का दिसत होती ते इथे उमगतं: तिचं भाडं तेलवाला भरत होता. वाट्यांची बेरीज १२६ टक्के दिसली म्हणून गाडी जास्त भरली असं समजू नका. ती फक्त वाटणीसाठी आहे, भरणीची तपासणी वेगळ्या दोन बेरजांनीच करायची. लांबच्या पार्टीवर जास्त भार टाकायचा असेल तर वाट्याला गोडाऊनपासूनच्या किलोमीटरने गुणा. किलोमीटर गाडीच्या मीटरवरून घ्या. नकाशावरची सरळ रेषा नदी ओलांडते, गाडीला पूल लागतो.

भाडं पार्टीच्या बिलात लावणार असाल तर जपून. माल पोहोचवून देण्याचा करार असेल तर ते भाडं मालाच्या किमतीतच धरलं जातं आणि मालाचाच जीएसटी दर लागतो. ट्रान्सपोर्टचा ५ टक्के दर लावून वेगळी ओळ टाकणं चूक. बिलात दोन दरांचा माल असेल तर भाडं किमतीच्या प्रमाणात दोन्हींवर विभागा. आणि माल ऐनवेळी दुसऱ्या गाडीत टाकला, तर ई-वे बिलात गाडी नंबर बदलायला विसरू नका. राज्याच्या आत महाराष्ट्रात १ लाखावरच्या मालाला ते लागतं.

`Landed Cost Voucher` इथे वापरू नका. तो कंपनीकडून तुमच्या गोडाऊनपर्यंतच्या भाड्यासाठी आहे. जावक भाडं त्यात घातलं की स्टॉकची किंमत विनाकारण फुगते. जावक भाड्याची तरतूद फेरी निघाली त्याच दिवशी, फेरी क्रमांकासह खर्चात टाका आणि महिनाअखेर ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल त्या क्रमांकांशी जुळवा. फरक बहुतेक तीन ठिकाणी निघतो: हॉल्टिंग, हमाली आणि परत आलेला माल. तिन्हींसाठी वेगवेगळी खाती ठेवा. सगळं ‘भाडे’ या एकाच खात्यात गेलं तर कुठल्या पार्टीकडे गाडी दोन-दोन तास उभी राहते ते कधी दिसणार नाही.