ओले बोंबील तळताना

तुम्ही पहिल्यांदाच ओले बोंबील तळणार आहात, म्हणून पाण्याविषयी आधी सांगतो. तळणीचे तेल साधारण 170 ते 180 अंशांवर असते आणि पाणी 100 अंशांवरच उकळते. त्यामुळे तेलाखाली गेलेला थेंब क्षणात वाफ होऊन फुगतो आणि तेल बाहेर उडवतो. बोंबिलात तर पाणीच फार. ते उभे चिरून, कापडात गुंडाळून वर पाट आणि वजन ठेवावे, आणि कापड भिजले की बदलून पुन्हा दाबावे. मीठ-मसाला लावल्यावरही पाणी सुटते, म्हणून रव्यात घोळवलेला तुकडा लगेच तळावा. रवा ओलसर दिसू लागला तर पुन्हा घोळवावा. कढई एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये आणि तुकडा आपल्यापासून दूरच्या बाजूला अलगद सोडावा.

तेलातून धूर येऊ लागला, तर ते पेट घेण्याच्या वाटेवर आहे असे समजून गॅस ताबडतोब बंद करावा. पेटलेच, तर पाणी मुळीच ओतू नये, कारण ते तळाशी जाऊन वाफ होते आणि जळते तेल छतापर्यंत उडवते. कढई उचलूही नये. हात पोहोचत असेल तर गॅस बंद करून धातूचे सपाट झाकण बाजूने सरकवत कढईवर बसवावे आणि तेल पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. लवकर उघडल्यास हवा मिळून ते पुन्हा पेटते. ज्वाळा कढईबाहेर पसरल्या असतील, तर घरातल्या सर्वांना बाहेर काढून 101 वर फोन करावा. झाकण मात्र तळायला बसण्यापूर्वीच ओट्यावर हाताशी काढून ठेवा.