लो-पॉली मॉडेल उलगडताना शिवण कुठे घ्यावी?

कागदातून बनवायला ब्लेंडरमध्ये कोल्ह्याचं डोकं केलंय. उलगडलं की ढीगभर तुकडे निघतात, कुठला कुठे चिकटवायचा कळत नाही. काय करू?

आपोआप उलगडू देऊ नका. एडिट मोडमध्ये कडा निवडून Mark Seam द्या आणि नाक, गाल, कान असे ओळखू येणारे तुकडे पाडा. शिवणी जबड्याखाली, कानामागे लपवा.

नाक कपाळाला मिळतं तिथे बघा. एका बिंदूभोवतीच्या कोनांची बेरीज 360 अंशांहून जास्त असेल, तर एक काप पुरत नाही, तुकडा स्वतःवरच चढतो. तिथे किमान दोन कडा कापा. मग Export Paper Model अ‍ॅड-ऑनने साचा काढा.

चिकटवायची कागदी पट्टी जोडीतल्या एकाच कडेला हवी. 200 जीएसएम कागदाला 5-6 मिमी रुंदी पुरते, टोकं तिरकी कापा. बाहेरची घडी तुटक रेषेने, आतली तुटक-ठिपक्यांनी दाखवा. एकाच पातळीत असलेल्या शेजारच्या पृष्ठांमधल्या रेषा काढून टाका, नाहीतर उगाच घड्या पडतात.

तुकड्यांना चिकटवण्याच्या क्रमाने, नाकापासून क्रमांक द्या. जुळणाऱ्या दोन्ही कडांवर एकच आकडा, तोही पट्टीवर किंवा मागच्या बाजूला. मान शेवटी ठेवा, म्हणजे तोवर आत बोट घालून पट्ट्या दाबता येतात.