‘एक वेळ, आठवडा’ म्हणजे किती गोळ्या?

माझी मुलगी बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी मराठी, बाहेर गुजराती आणि शाळा इंग्रजी, त्यामुळे तिन्ही भाषा तिला चांगल्या येतात. औषधांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांचे भाषांतर करायचे तिने मनावर घेतले आहे. तिचे बाबा म्हणतात, कंपनीत क्वालिटी विभागात सरळ नोकरी धर. असे काम खरोखर असते का, आणि तिला ते जमेल का?
— एक आई, प्रतापनगर, बडोदा

ताई, नमस्कार.

काम असते, पण आपल्याकडे औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद बहुधा इंग्रजीत आणि डॉक्टरांना उद्देशून लिहिलेला असतो, त्यामुळे मराठी-गुजरातीचे काम त्या कागदावर फारसे मिळत नाही. ते मिळते नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये. सहभागी होणाऱ्या रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन त्याची संमती घ्यावी, हे 2019 च्या औषध चाचणी नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि संमतीपत्राबरोबर रुग्णाने घरी नेण्याची गोळ्यांची रोजनिशीही असते. युरोपातील देशांत मात्र रुग्णासाठीचे पत्रक त्या देशाच्या भाषेत द्यावेच लागते. त्यामुळे बडोद्याच्या आसपासच्या ज्या कंपन्या तिकडे माल पाठवतात त्यांना ही पत्रके लागतात, परंतु तेथे अंतिम भाषांतर त्या भाषेत वाढलेला माणूसच करतो. आपल्या मुलीच्या वाट्याला त्यात तपासणीचे आणि समन्वयाचे काम येईल, तर चाचण्यांच्या कागदपत्रांत स्वतःच्या भाषेतले.

तिला जमेल का, याचे उत्तर तीन भाषा येण्यावर अवलंबून नाही. मी पूर्वी एका औषध कंपनीच्या नियामक विभागात होतो, तेव्हाची एक रोजनिशी सांगतो म्हणजे कामाचे स्वरूप कळेल. संधिवाताच्या रुग्णांसाठी ती होती आणि औषध होते मेथोट्रेक्सेट. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचे असते, रोज नव्हे. इंग्रजी तक्त्यात तीन रकाने होते: मात्रा, वारंवारता आणि पिरियड. त्यांत अनुक्रमे ‘चार गोळ्या’, ‘वन्स’ आणि ‘वीकली’ असे लिहिलेले होते. भाषांतरकाराने प्रत्येक रकाना निष्ठेने उतरवला आणि मराठी तक्ता तयार झाला: मात्रा, 4 गोळ्या, वारंवारता, एक वेळ, कालावधी, आठवडा.

यातला एकही शब्द कोशाच्या दृष्टीने चुकीचा नाही. नियमाप्रमाणे तो तक्ता दुसऱ्या भाषांतरकाराने उलट इंग्रजीत आणला, तेव्हा त्यानेही सरळ ‘वन्स अ वीक’ असे लिहिले, कारण हे औषध तो जाणून होता आणि त्याच्या डोक्याने रिकामी जागा आपोआप भरून काढली. दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले, कागदोपत्री सगळे पास झाले. पुढे छापण्याआधी आम्ही तो तक्ता विभागात चहा आणणाऱ्या मावशींना वाचायला दिला. ‘कळले का?’ असे विचारले असते तर त्यांनी संकोचाने ‘हो’ म्हटले असते, म्हणून आम्ही विचारले, ‘मावशी, सोमवारी चार गोळ्या घेतल्या, आता पुढच्या कधी?’ त्या लगेच म्हणाल्या, ‘उद्या सकाळी. आठवडाभर रोज एकदा, असंच लिहिलंय ना?’

हिशेब सोपा आहे. गोळी 2.5 मिलिग्रॅमची होती, म्हणजे आठवड्याला चार गोळ्यांत 10 मिलिग्रॅम. मावशींच्या वाचनाप्रमाणे सात दिवसांत 28 गोळ्या आणि 70 मिलिग्रॅम पोटात गेले असते. हे औषध पेशींना फॉलिक अॅसिड वापरू देत नाही, म्हणून ते रोज घेतले तर ज्या पेशी सतत नव्याने तयार होतात त्यांना पहिला फटका बसतो. तोंडात फोड येतात, मग अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते आणि माणूस दगावूही शकतो. अशा चुका इतक्या वेळा घडल्या आहेत की युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2019 मध्ये या एका कारणासाठी त्याच्या वेष्टनावर आणि पत्रकात ठळक इशारा द्यायला लावला.

आमच्या तक्त्यातला दोष शब्दाचा नव्हता, रकान्याचा होता. ‘कालावधी’ म्हटले की मराठी माणूस ‘किती दिवस’ असे वाचतो, ‘किती दिवसांनी’ असे नव्हे, आणि ‘एक वेळ’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे जेवणाची वेळ येते. (जाता जाता, बडोद्यातल्या मराठीचा एक खास धोका: गुजरातीत ‘बे वार’ म्हणजे दोनदा, पण मराठीत ‘वार’ म्हणजे सोमवार-मंगळवार. घरात दोन्ही भाषा मिसळून बोलणाऱ्याच्या हातून ‘आठवड्यात एक वार’ असे सहज लिहिले जाते.) शेवटी तक्ता काढून तीन वाक्ये घातली: ‘ही गोळी आठवड्यातून फक्त एकाच दिवशी घ्यायची आहे. माझा ठरलेला वार: ______. त्या दिवशी 4 गोळ्या एकदम घ्या आणि बाकीचे सहा दिवस ही गोळी घेऊ नका.’ हा बदल भाषांतरकाराने मनाने करायचा नसतो. त्याने मूळ मजकुरावर लेखी शंका काढायची, चाचणी करणाऱ्या कंपनीने ती मान्य करायची आणि सुधारित मजकूर चाचणीतल्या रुग्णांचे हित जपणाऱ्या नीतिमत्ता समितीकडून पुन्हा मंजूर होऊन यायचा. पाठीमागून चुपचाप ‘दुरुस्ती’ करणारा भाषांतरकारही आम्ही कामावरून काढला आहे, कारण पुढच्या वेळी त्याचा अंदाज चुकला असता.

एवढ्यावरही काम संपले नाही. छपाईच्या मसुद्यात शेवटच्या वाक्याची एक ओळ ‘ही गोळी घेऊ’ येथे संपली आणि ‘नका’ पुढच्या ओळीत, नेमके घडीवर, गेले. ‘घेऊ’ आणि ‘नका’ कधीच तुटू नयेत यासाठी त्यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा टाकावी लागते. ही गोष्ट डीटीपीवाल्याला सांगायची आणि अंतिम मसुदा मूळ प्रतीशी ओळ-ओळ ताडून पाहायचा, हेही भाषांतरकाराच्या कामातच येते.

म्हणून तिच्या बाबांचा सल्ला मी अगदी बाजूला टाकणार नाही. क्वालिटी किंवा नियामक विभागात दोन वर्षे काढल्यास एक कागद किती हातांतून जातो आणि चूक कुठे लपते हे पगार घेऊन शिकता येते, आणि मग भाषांतराच्या कंपन्यांना परीक्षेसाठी नमुन्याचा उतारा भाषांतरित करून देताना तिच्याकडे सांगण्यासारखे काही असेल. तोपर्यंत तिने एक करून पाहावे. ब्रिटनमधील रुग्णपत्रके इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मेथोट्रेक्सेटच्या पत्रकातला ‘औषध कसे घ्यावे’ हा भाग घेऊन तिने मराठीत उतरवावा. मग औषधशास्त्र न शिकलेल्या पाच जणांना, त्यात आपणही आल्या, तो वाचायला द्यावा आणि प्रत्येकाला विचारावे: ‘सोमवारची गोळी विसरलात आणि गुरुवारी आठवले, तर काय कराल?’ मूळ पत्रकात याचे उत्तर असते. पाचांपैकी एकानेही वेगळे उत्तर दिले, तर ते वाक्य पुन्हा लिहावे, आणि तो पहिला मसुदा, मिळालेली उत्तरे आणि दुसरा मसुदा असे तिन्ही कागद एकत्र ठेवून मला पाठवावेत.