कॅनडाच्या पीआरसाठी आयईएलटीएसची जनरल की अ‍ॅकॅडेमिक?

प्रश्न: नाशिकला अंबड एमआयडीसीत नोकरी आहे. कॅनडाच्या पीआरसाठी एक्स्प्रेस एंट्रीत अर्ज करायचाय, पुढेमागे तिकडे मास्टर्सही. अ‍ॅकॅडेमिक दिली तर दोन्हीकडे चालेल का?

उत्तर: नाही. एक्स्प्रेस एंट्रीत आयईएलटीएसची फक्त जनरल ट्रेनिंग धरतात. अ‍ॅकॅडेमिकमध्ये आठ बँड आले तरी तिथे उपयोग नाही, आणि एका प्रकारचा निकाल दुसऱ्यात बदलून मिळत नाही. म्हणून आधी जनरल द्या. निकाल 2 वर्षेच चालतो, त्यामुळे मास्टर्ससाठीची अ‍ॅकॅडेमिक प्रवेशाच्या वेळी देणं बरं.

‘जनरल सोपी’ हे अर्धंच खरं. लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हींत सारखंच. रायटिंगच्या पहिल्या भागात आलेखाऐवजी पत्र येतं, तेही किमान 150 शब्दांचं. रीडिंगचे उतारे सोपे, पण गुण कडक: 40 पैकी 30 बरोबर आले की अ‍ॅकॅडेमिकमध्ये साधारण 7 बँड, जनरलमध्ये 6च, 7साठी 34च्या आसपास लागतात. कॅनडा भाषेची पातळी सीएलबी या मोजपट्टीवर मोजतो; त्यात 9 गाठायला लिसनिंगला 8 आणि बाकी तिन्हींत 7 हवेत. सरासरी बघत नाहीत, एक विभाग घसरला की त्याचे गुण गेले. सरावाची पुस्तकं घेताना मुखपृष्ठावर जनरल ट्रेनिंग लिहिलंय ना, तेवढं बघा.