पहिल्या दिवशी तक्रारीबद्दल काय सांगावं, कसलं वचन देऊ नये

प्रश्न : "जळगाव एमआयडीसीत दाल मिलमध्ये नुकतीच एचआरला लागले आहे. नव्या कामगारांना पहिल्या दिवशी वागणूक आणि तक्रार यावर मला बोलायचंय. निम्म्या बायका ठेकेदाराकडच्या आहेत. घाबरवायचं नाही, पण गुळमुळीतही बोलायचं नाही. काय सांगू?"

ताई, मी हे बोलणं खानदेशातल्या दोन कारखान्यांत बरीच वर्षं केलंय. सुरुवातीला मी एक चूक करायचे. सगळे नियम वाचून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "काही अडचण आली तर बिनधास्त या, कुणाला काही कळणार नाही." या वाक्यानेच घोटाळा होतो. तक्रार आली की तिची प्रत ज्याच्याविरुद्ध आहे त्याला द्यावीच लागते, साक्षीदारांना बोलवावं लागतं. म्हणजे 'कुणाला कळणार नाही' हे पहिल्या आठवड्यातच खोटं ठरतं. आणि एकीचा विश्वास गेला की तिच्या गावाहून येणाऱ्या बसमधल्या सगळ्या बायकांचा जातो.

म्हणून आता मी असं सांगते : "तुमचं नाव समितीला, त्या माणसाला, साक्षीदारांना आणि मालकांना कळेल. त्यापलीकडे कुणी बोललं, तर त्याच्यावर कारवाई होईल. घरी कळवायचं की नाही, हे तुम्ही ठरवा, आम्ही कळवणार नाही." आपल्याकडे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पाचोरा, धरणगावकडून येणाऱ्या बाईला साहेबाची भीती कमी असते. गावात चर्चा होऊन घरचे कामच बंद करतील, ही भीती मोठी असते.

वागणुकीचा भाग मी पाच मिनिटांत संपवते. शिवीगाळ नाही, जातीवरून बोलणं नाही, दारू पिऊन आत यायचं नाही. मोबाईलवर कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. पगार, ओव्हरटाईम, रजा याची तक्रार कुठे करायची तेही सांगते. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असते, तिच्यात कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे सभासद सारख्या संख्येने असतात. मग आवाज न चढवता पुढच्या विषयाकडे वळते : लैंगिक छळ. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष वरच्या पदावरची बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, आणि एक सभासद बाहेरचा, साधारण महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला. मी त्या बायकांना समोर उभं करते. फलकावरची नावं कुणी वाचत नाही, चेहरा मात्र लक्षात राहतो.

त्यानंतर एक घटना सांगते. माझ्या जुन्या कारखान्यात ठेकेदाराकडून निवडणीला येणारी एक बाई होती. कंपनीच्या बसमध्ये आमचा कायम नोकरीतला एक सुपरवायझर रोज तिच्याच शेजारी बसायचा, अंगाला हात लावायचा. पहिल्यांदा १० एप्रिलला, शेवटचं २ जुलैला. तिने मुकादमाला सांगितलं. मुकादमाने दोघांना चहावर बसवलं, "जाऊ द्या आता" म्हणाला आणि मिटलं असं समजला. ती माझ्याकडे आली २५ जुलैला, तेही तिची जाऊ सोबत घेऊन.

तिथे तीन अडचणी काढल्या गेल्या आणि तिन्ही चुकीच्या होत्या. पहिली, "बसमधलं आहे, कारखान्यातलं नाही." कंपनीने दिलेली गाडी कायद्याने कामाचीच जागा धरली जाते. दुसरी, "ती आपली कर्मचारी नाही, ठेकेदाराची आहे." कायदा ठेकेदारामार्फत आलेल्या बाईलाही धरतो. तिसरी, "तीन महिने उलटून गेले." तक्रार तीन महिन्यांत लागते हे खरं, पण प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर मोजणी शेवटच्या प्रकारापासून करायची. २ जुलैपासून मोजलं तर तिच्याकडे २ ऑक्टोबरपर्यंत मुदत होती. तिला त्याहून उशीर झाला असता, तरी समिती कारण लिहून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकली असती.

तिला लिहिता येत नव्हतं. अशा वेळी लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. अध्यक्षबाई अहिराणीतच म्हणाल्या, "काय व्हयनं ते सांग," आणि ती जसं बोलली तसं उतरवून घेतलं, वाचून दाखवलं, मग अंगठा घेतला. नियमात सहा प्रती म्हटलंय, त्या झेरॉक्स आम्हीच काढल्या. तिने लेखी मागितल्यावर चौकशी संपेपर्यंत सुपरवायझरला दुसऱ्या शिफ्टला आणि दुसऱ्या बसला टाकलं. हलवायचं त्याला, तिला नाही, यावर मी अडून राहिले. तिला हलवलं असतं तर शेडमधल्या बायकांनी एकच अर्थ काढला असता.

मग तारखा. सात कामाच्या दिवसांत त्याला प्रत, त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत त्याचं उत्तर. दोघांचं म्हणणं आणि साक्षी, वकील कुणालाच नाही. चौकशी ९० दिवसांत, म्हणजे २३ ऑक्टोबरच्या आत. त्यापुढे १० दिवसांत अहवाल दोघांनाही, आणि ६० दिवसांत मालकाने त्यावर कारवाई करायची. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील. नव्या लोकांना मी या सगळ्या तारखा पाठ करायला लावत नाही. "तीन महिन्यांच्या आत या, तुमच्या तक्रारीची चौकशी ९० दिवसांत संपलीच पाहिजे" एवढंच दोनदा सांगते.

पुरुष ऐकत असतात, त्यांच्याशीही सरळ बोला. कुणीतरी विचारतोच, "खोटी तक्रार केली तर?" चिडू नका. म्हणा, "दादा, जाणूनबुजून खोटं किंवा बनावट कागद सिद्ध झाला तर कारवाई आहे. पण पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी, असं कायदा म्हणत नाही." ही समिती बायकांच्याच तक्रारी घेते, म्हणून पुरुषाला त्रास झाला तर त्याने कुठे जायचं, हे कंपनीच्या आचारसंहितेत लिहून घ्या आणि तेही तिथेच सांगा. आणि तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे सांगताना मालक समोर बसलेले असले तरी गाळू नका. मी त्यांना आधीच कल्पना देते.

मुकादम आणि सुपरवायझर यांची बैठक मात्र वेगळी घ्या. त्यांना एकच गोष्ट ठासून सांगा : छळाची तक्रार कानावर आली की चहावर बसवून मिटवायची नाही, समितीकडे पाठवायची. समझोता फक्त त्या बाईने स्वतःहून मागितला तरच, तोही समितीसमोर, आणि पैशावर अजिबात नाही.

बोलणं संपलं की लगेच निघून जाऊ नका. सगळ्यांसमोर कुणी विचारणार नाही. पाण्याच्या माठाजवळ थोडा वेळ थांबा. माझ्याकडे जे प्रश्न आले, ते बहुतेक तिथेच आले. तक्रारीचे कोरे कागद अध्यक्षबाईंकडे ठेवा आणि प्रत्येक तक्रारीची तारीख घातलेली पोच त्याच वेळी बाईच्या हातात द्या. तीन महिन्यांचा वाद उठला, तर तिच्याकडे दाखवायला तोच एक कागद असतो.