कॅनडातला पहिलाच हिवाळा आहे. मागच्या काचेचा डिफॉगर, आरशांचे हीटर आणि वायपरखालची गरम पट्टी कधी आपोआप चालू होतात, कधी होत नाहीत, आणि झाल्या तरी 15 मिनिटांत बंद पडतात. हा बिघाड समजायचा का?

बहुधा नाही. कोणी मॉड्यूल बदलायला सांगत असेल, तर आधी गाडी रात्री कुठे उभी असते ते पाहा. हे इतक्या ठामपणे लिहितो आहे, कारण दोन हिवाळ्यांपूर्वी याच शंकेपायी माझे बरेच पैसे जाता जाता वाचले, आणि त्यावरून साडूंशी सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

आम्ही मिसिसागाला राहतो आणि गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये उभी असते. जानेवारीतल्या त्या सकाळी बाहेर उणे 14 अंश तापमान होते आणि गॅरेजमध्ये मात्र अधिक 6. आदल्या रात्री गाडीवर बसलेला बर्फ आत वितळला होता. आरशांवर पाण्याचे थेंब होते, वायपरच्या पात्यांखाली पाणी साचले होते आणि पायाखालच्या मॅटमध्ये अक्षरशः डबके झाले होते. अशा गाडीत आम्ही चौघे बसून निघालो. पाच मिनिटांत आरशांवरच्या थेंबांचा पांढरा पापुद्रा झाला, चौघांच्या श्वासाने आणि मॅटमधल्या ओलाव्याने मागची काच आतून धुरकटली आणि वायपर खालच्या काठाला चिकटून बसले. लेन बदलताना मागून आलेल्या ट्रकने भोंगा वाजवला, तेव्हा तो तिथे होता हे मला कळले. गाडीच्या सेटिंगमध्ये मागचा डिफॉगर ‘ऑटो’वर होता, तरीही बटणावरचा दिवा बंद होता.

संध्याकाळी साडूंना सांगितले, तर ते म्हणाले, “ऑटो म्हणजे ऑटो. लागत नसेल तर गाडीत बिघाड आहे, नाहीतर तुमच्या हातात.” दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि कंट्रोल मॉड्यूल बदलावे लागेल असे सांगून, ऐकूनच घाम फुटावा असा आकडा सांगितला. मी विचार करून कळवतो म्हणालो आणि घरी येऊन मल्टिमीटर काढला.

इंजिन सुरू करून डिफॉगरचे बटण स्वतः दाबले; दिवा लागला. काचेवरच्या आडव्या रेषा दोन्ही कडांना ज्या उभ्या पट्ट्यांना मिळतात, त्या पट्ट्यांदरम्यान व्होल्टेज मोजले, तर 13.4 भरले. रेषांवर ओरखडे पडू नयेत म्हणून मीटरच्या टोकांना स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळला होता. एका पट्टीपासून रेषेवरून पुढे सरकत गेले की आकडा हळूहळू चढतो आणि मध्यावर साधारण निम्मा होतो. रेषा तुटलेली असेल तर तो असा सावकाश चढत नाही, तुटलेल्या जागी शून्यावरून एकदम पूर्ण आकड्यावर उडी मारतो. मीटर नसेल तर थंड काचेवर श्वास सोडून बटण दाबा. चांगल्या रेषेभोवतीचे धुके आधी विरते आणि तुटलेली रेषा धुक्यातच राहते. माझ्या सर्व रेषा धड होत्या आणि आरसेही हाताला कोमट लागत होते. म्हणजे फ्यूज, रिले, तारा सगळे ठीक होते. आपोआप बटण दाबण्याचा निर्णय तेवढा होत नव्हता.

मग पुस्तिका उघडली. माझ्या गाडीत ही सोय गाडी सुरू होतानाच निर्णय घेते, आणि बाहेरचे तापमान 4 अंशांच्या खाली असेल तरच. हे तापमान पुढच्या बंपरच्या जाळीमागे बसवलेला सेन्सर सांगतो. गॅरेजमध्ये त्याच्या दृष्टीने ‘बाहेर’ अधिक 6 अंश होते. त्यामुळे नियंत्रकाने डिफॉगर लावला नाही, आणि रस्त्यावर आल्यावर पारा उणे 14 वर गेला तरी तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. माझ्या गाडीत आरसे आणि वायपरची पट्टीही त्याच आज्ञेवर चालतात, म्हणून तिन्ही एकदमच गप्प राहिल्या. खात्रीसाठी एक रात्र गाडी अंगणात ठेवली. सकाळी तितकीच थंडी होती. इंजिन सुरू केले आणि बटणाला हात न लावता दिवा लागला.

आता 15 मिनिटांविषयी. मागची काच साधारण 15 अँपिअर घेते, म्हणजे सुमारे 200 वॉट, आणि आरसे व पट्टी यांचा भार वेगळा. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि सिग्नलला उभ्या गाडीचा अल्टरनेटर फार काही पुरवत नाही, म्हणून टायमर ठेवलेला असतो. तो सर्व गाड्यांत सारखा नसतो. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत तो तापमानानुसार 10 ते 30 मिनिटांचा असतो आणि शून्य अंश किंवा त्याखाली डिफॉगर आपोआप बंदच होत नाही. सुबारूच्या काही गाड्यांत 15 मिनिटे की सतत, हे निवडता येते. पुन्हा बटण दाबले तर बहुतेक गाड्यांत टायमर नव्याने सुरू होतो, तेव्हा तो बंद होणे हे गाऱ्हाणे नव्हेच. दोन-तीन मिनिटांतच बंद होत असेल, तर मात्र बॅटरी तपासून घ्या; व्होल्टेज घसरले की काही गाड्या हे भार स्वतःहून तोडतात.

माझा सल्ला एकच: गॅरेजमधून गाडी काढणाऱ्याने ऑटोवर विसंबू नये, सीटबेल्टबरोबर ते बटणही दाबावे. समोरच्या काचेसाठी आतलीच हवा फिरवण्याचे बटण बंद आहे ना, तेही पाहावे, कारण ते चालू असेल तर ओलावा गाडीतच राहतो आणि डिफॉगर कितीही तापला तरी बाजूच्या काचा धुरकटतातच. रिमोटने इंजिन सुरू करत असाल तर गाडी उघड्यावर उभी हवी. तिथे सेन्सरला खरी थंडी कळते. बंद गॅरेजमध्ये तसे केले तर धुराने जीव जाऊ शकतो.

हे सर्व माझ्या गाडीवरून लिहिले आहे. तुमच्या गाडीत तापमानाची मर्यादा वेगळी असेल, किंवा आरशांना स्वतंत्र फ्यूज असेल; मागची काच तापते आणि आरसे तापत नाहीत, असे दिसले तर आधी तो फ्यूज पाहा. पट्टीबाबत एक अपेक्षा कमी ठेवा: ती फक्त वायपर टेकतात तेवढाच भाग सैल करते, ढीगभर बर्फ वितळवत नाही, तो ब्रशनेच काढावा लागतो.

साडूंना हे सर्व समजावून सांगितले, पण त्यांचा ऑटो आजवर एकदाही चुकलेला नाही, असे ते म्हणतात. त्यात नवल नाही. त्यांचे गॅरेज जुन्या फर्निचरने भरलेले असल्यामुळे त्यांची गाडी बारा महिने अंगणात उभी असते. यंदा दिवाळीनंतर त्यांनी ते गॅरेज रिकामे केले आहे. मी जानेवारीची वाट पाहतो आहे.