मानेवरचा तो काळा पट्टा मळाचा नसतो

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची आहे. मान आणि काखा काळ्या, जाडसर झाल्यात. रोज घासते तरी जात नाही. शुगर तपासली, नॉर्मल आली. मग यात इन्सुलिनचा काय संबंध?

आधी ते घासणं बंद करा. कॉलेजात असताना मी बेसन-लिंबू करून पाहिलं, शेवटी प्लास्टिकची घासणीसुद्धा लावली. मान सोलवटली आणि बरी झाल्यावर आणखी काळी दिसायला लागली. आत्या चारचौघांत म्हणायची, "मान जरा नीट धूत जा गं." स्किनच्या डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा मानेवरून जोरात फिरवून मला दाखवला. पांढराच्या पांढरा! साठलेला मळ असता तर स्पिरिटनं निघून आला असता. याला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात.

शुगर नॉर्मल येते, कारण शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं तरी स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन ओतून ती आटोक्यात ठेवतं. हे जास्तीचं इन्सुलिन त्वचेतल्या पेशींवर वाढीच्या संदेशासारखं काम करतं. पेशी भराभर वाढतात, कातडीला बारीक बारीक चुण्या पडतात, म्हणून हात फिरवला की मखमलीसारखं लागतं. काळेपणाही मुख्यतः त्या जाड थराचाच असतो. त्यामुळे गोरं करणारी क्रीमं इथे फारशी चालत नाहीत. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असतं, ते काखेसारख्या जागी लावलं तर कातडी पातळ होते, हे वेगळंच दुखणं.

माझी उपाशीपोटी शुगर ९२ होती, म्हणजे उत्तम. त्याच रक्तातलं इन्सुलिन मात्र २२. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ नं भागायचं, त्याला होमा-आयआर म्हणतात. माझा ५ आला. मोठ्यांत साधारण अडीचच्या वर गेला की डॉक्टर लक्ष घालतात. पण तुमची मुलगी वयात येतेय, या काळात इन्सुलिनचा प्रतिकार तसाही वाढतो, तेव्हा नुसत्या या आकड्यानं घाबरू नका. एचबीए१सी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी करून घ्या (५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी) आणि पाळी लांबते का, हनुवटीवर जाड केस येतात का, तेही डॉक्टरांना सांगा. पीसीओएस या अंडाशयाच्या, हार्मोन बिघडण्याच्या त्रासात हे सगळं बरेचदा जोडीनं येतं.

माझं वजन ८४ चं ७६ व्हायला आठ महिने लागले. गोड चहा सोडला, रात्रीचा भात निम्मा केला, रोज पाऊण तास चालले. मानेचा खरखरीतपणा आधी गेला, रंग नंतर हळूहळू उतरला. काखेत अजून थोडा आहे. डॉक्टरांनी दिलेलं युरियाचं क्रीम जाडी कमी करायला उपयोगी पडलं, पण वजन पुन्हा चढलं तेव्हा क्रीम चालू असूनही मान काळवंडली होती.

घरात कुणा सडपातळ, वयस्कर माणसाला हेच अचानक झालं, झपाट्यानं पसरलं, तळहात किंवा तोंडातही दिसलं, वजन आपोआप उतरलं, तर मात्र थांबू नका. क्वचित त्यामागे पोटाचा कॅन्सर असतो.